माका, जास्वंद, कढीपत्ता : तेलात काय उतरते?

पावसाळा सुरू झाला की भाताच्या खाचरांच्या बांधावर, पाटाच्या कडेला आणि विहिरीच्या ओलसर काठावर माका आपोआप उगवतो. कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही. शेतकऱ्याच्या लेखी ते तण आहे, आयुर्वेदाच्या लेखी भृंगराज. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत याच दिवसांत एक बेत ठरतो : या वर्षी तेल घरीच करायचे. माका शेतातून किंवा भाजीवालीकडून येतो, जास्वंद अंगणातली आणि कढीपत्ता परसातला. तिन्ही एकाच कढईत पडतात, खोबरेल हिरवेगार होते, आणि ते केस वाढवील, गळणे थांबवील, पांढरे होऊ देणार नाही, अशा तिन्ही अपेक्षा त्या एका बाटलीवर येऊन पडतात.

ही अपेक्षा कुठवर खरी आहे, हे पाहायचे तर एक फरक आधी लक्षात घ्यावा लागतो. केस कमी होतात ते दोन वाटांनी. एक तर ते मुळापासून गळतात, नाहीतर मधूनच तुटतात. कंगव्यात अडकलेला केस उजेडात धरला की हा फरक दिसतो. त्याच्या एका टोकाला मोहरीहूनही बारीक पांढरी गाठ असेल, तर तो मुळापासून सुटून आलेला आहे. गाठ नसेल आणि केस आखूड असेल, तर तो तुटला आहे. घरगुती तेलाचा जो उपयोग भक्कमपणे सिद्ध झाला आहे, तो जवळजवळ सगळा दुसऱ्या प्रकारच्या केसांसाठी आहे. लोकांना मात्र तेल हवे असते ते पहिल्या प्रकारासाठी.

तेलाची गोष्ट वनस्पतीपासूनच सुरू करायला हवी, कारण पहिली चूक तिथेच होते. माक्याचे नाव सांगून दुसरीच झाडे घरी येतात. सर्वात जास्त गोंधळ होतो तो एकदांडीशी. तिला काही भागांत दगडी पाला किंवा कंबरमोडीही म्हणतात. रस्त्याच्या कडेला, कोरड्या जमिनीवरही ती फोफावते. तिचे फूल एका लांब, ताठ दांड्यावर एकटेच उभे असते, मध्ये पिवळे आणि कडेला मोजक्या फिकट पाकळ्या, आणि पानांच्या कडा खोल दातेरी असतात. दुसरा गोंधळ पिवळ्या फुलाच्या झाडाशी. बागेत जमीन झाकायला लावतात ती पसरणारी, चकचकीत पानांची, पिवळ्या फुलांची वेल पुष्कळ जण माका म्हणून तोडतात. पिवळा माका म्हणून एक वेगळी वनस्पती वापरात आहे हे खरे, पण बागेतली ही शोभेची वेल ती नव्हे, आणि पुढे ज्या प्रयोगांविषयी सांगायचे आहे ते पांढऱ्या फुलाच्या माक्यावरच झालेले आहेत.

खरा माका ओल असलेल्या जागी वाढतो. त्याची पाने अरुंद, भाल्याच्या पात्यासारखी, समोरासमोर जोडीने येणारी आणि दोन्ही बाजूंनी खरखरीत असतात. खोड बहुधा तांबूस. फूल पांढरे आणि इतके लहान, की पूर्ण उमलले तरी जेमतेम एक सेंटिमीटर. सर्वात सोपी परीक्षा खोडाची आहे. कोवळे खोड बोटांनी चुरडले की रस आधी हिरवट दिसतो आणि थोड्याच वेळात काळपट होतो, बोटांनाही डाग पडतो. हा काळा डागच बहुधा माक्याच्या कीर्तीचे मूळ असावा : ज्याचा रस काळा पडतो, ते केस काळे करील. ही कल्पना नैसर्गिक आहे, पण बोटावरचा डाग आणि केसातला काळा रंग यांचा काही संबंध नाही. त्याविषयी पुढे.

माका तोडताना जागा पाहावी. गटाराच्या कडेचा आणि तणनाशक फवारलेल्या बांधावरचा पाला नको.

आता कढई. सर्रास चालणारी पद्धत म्हणजे तेल तापवायचे, त्यात ओला पाला टाकायचा, तो काळा होईपर्यंत तळायचा आणि गाळायचे. यात दोन नुकसाने होतात. पाला जळतो आणि त्यातले नाजूक घटक जळून जातात. शिवाय गडबडीत थोडे पाणी तेलात राहून जाते. शार्ङ्गधर संहितेने सांगितलेली रीत अधिक शहाणी आहे, आणि तिच्यामागचे कारण आजच्या स्वयंपाकघरातही पटण्यासारखे आहे. तिचे प्रमाण असे : वाटलेला पाला, म्हणजे कल्क, एक भाग, तेल चार भाग आणि पातळ रस सोळा भाग. म्हणजे तेलाच्या चौपट रस. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते, कारण तेवढा रस शेवटी आटवूनच टाकायचा असतो. पण कढईत पाणी आहे तोवर आतले तापमान शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही. गॅस कितीही वेळ चालू असला तरी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. त्यामुळे पाला तळला जात नाही, तासन् तास मंद शिजत राहतो, आणि त्याचे तेलात विरघळणारे घटक सावकाश तेलात उतरतात. पाणी संपले की मात्र तापमान झपाट्याने चढते आणि काही मिनिटांत सगळे करपते. सगळे कौशल्य ती वेळ ओळखण्यात आहे.

घरी एका बाटलीपुरते तेल करायचे तर 200 मिलिलिटर खोबरेल पुरे. त्याला 800 मिलिलिटर माक्याचा रस आणि 50 ग्रॅम वाटलेला माका लागतो. एक किलोच्या आसपास ताजा पाला धुऊन, थोडे पाणी घालून मिक्सरमध्ये वाटला आणि पातळ फडक्यातून पिळला की एवढा रस मिळतो. शास्त्रोक्त स्वरसात पाणी घालत नाहीत, पण पाणी शेवटी आटणारच असल्यामुळे घरच्या कामाला हे चालते. ताजा माका मिळत नसेल तर सुका भरड माका 200 ग्रॅम घेऊन तो तीन लिटर पाण्यात उकळावा आणि 800 मिलिलिटर उरल्यावर गाळून घ्यावा.

भांडे जाड बुडाचे आणि मोठे हवे, कारण हे मिश्रण वर येते. एक लिटरच्या ऐवजाला तीन लिटरची कढई घ्यावी. तेल, रस आणि कल्क एकदमच घालून आच मंद ठेवावी. पहिले दोन तास विशेष काही घडत नाही. अधूनमधून तळापर्यंत ढवळायचे, एवढेच काम. हे काम एका बैठकीत उरकले नाही तरी चालते. जुन्या रीतीत ते मुद्दाम थांबून थांबून करत असत. पण रात्रभर ठेवायचे झाले तर पावसाळी हवेत ते आंबू शकते, म्हणून घरी एका दिवसातच संपवणे बरे.

रस आटत आला की कढईचा आवाज बदलतो. आधीची जड खदखद कमी होऊन बारीक तडतड सुरू होते. आता कढईपासून हलू नये. झाऱ्यावर थोडा कल्क घेऊन, निवू देऊन बोटांत वळून पाहावा. तो चिकट लागला आणि पसरला तर अजून पाणी आहे. त्याची वातीसारखी वळी होऊ लागली की वेळ जवळ आली. मग ती वळी आगीवर धरावी. चर्र आवाज आला तर पाणी आहे, निमूट जळाली तर पाणी गेले. तिसरी खूण तेलाच्या पृष्ठभागावर दिसते : तेल सिद्ध होताना वर फेस येतो. तूप सिद्ध करताना याच्या उलट घडते, तिथे फेस बसतो. या तिन्ही खुणा जुन्या ग्रंथांतल्या आहेत आणि थर्मामीटरवाचून काम भागवतात. कल्क बोटांत कडक होऊन चुरायला लागला तर वेळ टळत चालली आहे. करपल्याचा वास आला तर टळलीच.

गॅस बंद केल्यावरही कढई गरम असते, म्हणून तेल लगेच दुसऱ्या भांड्यात गाळून घ्यावे. फडक्यात उरलेला चोथा जोर लावून पिळण्याचा मोह होतो. ते पहिल्या तेलात मिसळू नये, कारण राहिलेला ओलावा आणि गाळ त्यातच असतो. ते वेगळे ठेवून आठवड्यात संपवावे. उरलेले तेल रात्रभर निवू द्यावे आणि सकाळी वरचे स्वच्छ तेल कोरड्या काचेच्या बाटलीत भरावे. बाटली धुतल्यावर उन्हात पूर्ण वाळलेली हवी. तेल अंधाऱ्या जागी ठेवले तर साधारण तीन महिने चांगले राहते. तळाशी थेंब दिसू लागले, तेल गढूळ झाले किंवा खवट वास आला तर टाकून द्यावे. खवट तेलाने टाळूची आग होते, आणि हा अनुभव आलेले लोक त्याचे खापर बिचाऱ्या माक्यावर फोडतात.

तेलाचा हिरवा रंग पाहून त्याच्या गुणाची परीक्षा करू नये. तो पानातल्या हरितद्रव्याचा रंग आहे. पालकाची पाने घातली तरी तो येईल. लोखंडी कढईत तेल अधिक काळे होते, ते लोखंड आणि पाल्यातल्या तुरट द्रव्यांच्या संयोगाने. तो काळेपणाही केसात शिरत नाही.

कढीपत्त्याचे तेल याहून सोपे. दोन मुठी पाने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून घ्यावी. ओलसर पाने गरम तेलात टाकली तर ती उडतात आणि भाजतात. कोमट तेलात टाकून आच मंद ठेवली की तडतड सुरू होते आणि दहा-बारा मिनिटांत थांबते. पाने कुरकुरीत झाली, पण काळी पडली नाहीत, तिथे गॅस बंद करावा.

जास्वंदीची गोष्ट वेगळी आहे. तिचे खरे सामर्थ्य तेलात उतरतच नाही. जास्वंदीची पाने पाण्यात चुरली की हाताला जो बुळबुळीतपणा लागतो, तो वनस्पतीतला चिकट द्रव आहे आणि तो पाण्यात विरघळतो. तळला की त्याचा काही उपयोग राहत नाही. केरळात जास्वंदीच्या पानांचा हा लगदा ताळी म्हणून केस धुवायला वापरण्याची रीत आहे, आणि ती बरोबर आहे. पंधरा-वीस पाने आणि गावठी, एकेरी पाकळ्यांच्या लाल जास्वंदीची चार-पाच फुले घ्यावी. फुलांचा मधला तुरा आणि हिरवे देठ काढून टाकावे, नाहीतर परागकण केसांत अडकतात. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून हाताने चुरावे आणि पातळ फडक्यातून गाळावे. मिक्सरमध्ये वाटले तर पानांचे बारीक तंतू केसांत बसतात आणि धुताना जात नाहीत. हा द्रव ओल्या केसांना लावून दहा-पंधरा मिनिटांनी धुतला की केसांवर एक पातळ थर बसतो आणि केस एकमेकांवरून घसरतात. गुंता सहज सुटतो, म्हणून विंचरताना तुटतात कमी. बाजारातला कंडिशनर वेगळ्या रसायनांनी साधारण हेच काम करतो. एवढे मात्र खरे, की जास्वंदीचा द्रव फार तेल काढत नाही. भरपूर तेल लावून केवळ जास्वंदीने धुतले तर केस चिकटच राहतात. आणि तो टिकत नाही : सकाळी केलेला संध्याकाळपर्यंत संपवावा.

आता पुराव्याकडे. माक्यावर आणि जास्वंदीवर भारतात चांगले प्रयोग झाले आहेत, ही बाब अभिमानाने सांगण्यासारखी आहे. 2003 मध्ये चेन्नईतल्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी जास्वंदीच्या पानांचा आणि फुलांचा अर्क पांढऱ्या उंदरांच्या पाठीवर लावून पाहिला. केस वाढले, आणि फुलांपेक्षा पानांचा अर्क अधिक प्रभावी ठरला. घरोघरी मात्र फुले कढईत पडतात आणि पाने झाडावरच राहतात. 2008 मध्ये मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठाच्या संशोधकांनी माक्याचा अर्क क्रीममध्ये मिसळून उंदरांवर लावला. पाच टक्के अर्काच्या गटात वाढीच्या अवस्थेतल्या केसमुळांची संख्या, अर्क न लावलेल्या गटापेक्षा स्पष्टपणे जास्त होती. दोन टक्के मिनॉक्सिडिल या औषधापेक्षाही निकाल चांगला आला. हे वाक्य तेव्हापासून कितीतरी बाटल्यांच्या जाहिरातींचे भांडवल झाले आहे.

पण हे निष्कर्ष वाचताना तीन गोष्टी सोडून चालत नाही. पहिली, अर्क कसा काढला. तो पेट्रोलियम ईथर या द्रावकाने काढलेला होता, म्हणजे पानातले स्निग्ध घटक वेगळे करून एकवटलेले. तेलातही स्निग्ध घटकच उतरतात, म्हणून दिशा बरोबर आहे. पण कढईतल्या तेलात ते किती आले, हे कढईत कळत नाही, आणि प्रत्येक घाण्यात ते वेगळे असणार. दुसरी गोष्ट उंदराची. उंदराच्या पाठीवरचे केस लाटेसारखे, पट्ट्यापट्ट्याने एकदम विश्रांतीत जातात आणि एकदम वाढू लागतात. पाठ भादरून काही लावले आणि केस दोन-चार दिवस आधी उगवले, तर प्रयोग यशस्वी. माणसाच्या डोक्यात प्रत्येक केसाचे चक्र स्वतंत्र चालते, आणि दहातले आठ-नऊ केस कोणत्याही वेळी वाढतच असतात. त्यांना जागे करण्याचा प्रश्न नसतो.

तिसरी गोष्ट सर्वात मोठी. माणसाचे टक्कल बहुतेक वेळा आनुवंशिक असते. त्यात एका संप्रेरकाच्या प्रभावाने केसाचे मूळ दर चक्राला आकुंचत जाते, केस बारीक आणि आखूड होत जातो. भादरलेल्या निरोगी उंदराला हा आजारच नसतो. त्याच्यावरच्या यशावरून टकलावरच्या यशाचा अंदाज बांधता येत नाही. मिनॉक्सिडिलला औषध म्हणून मान्यता मिळाली ती उंदरावरून नाही. डोक्यावर ठरावीक जागा आखून, काही लोकांना औषध आणि काहींना औषधाविना तसेच द्रावण लावून, महिन्यांमागून महिने केस मोजून ती मिळाली. माक्यासाठी असा मापदंड लावून केलेला, पुरेशा माणसांवरचा अभ्यास पुराव्याच्या पुढ्यात नाही. कढीपत्त्याच्या बाबतीत तर उंदरांपर्यंतचा पुरावाही तोकडाच आहे.

माणसाच्या केसांवर नीट तपासून पाहिलेली गोष्ट आहे ती कढईतल्या सर्वात साध्या घटकाची, खोबरेलाची. 2003 मध्येच मुंबईतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केस धुण्याआधी किंवा नंतर तेल लावले आणि मग केसांतून किती प्रथिन निघून जाते ते मोजले. तिघांपैकी केवळ खोबरेलाने हा तोटा लक्षणीय कमी केला. दोघेही खोबरेल विकणाऱ्या कंपनीत काम करत होते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. पण खोबरेल केसाच्या आत शिरते, खनिज तेल शिरत नाही, हे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन येथील एका संशोधन संस्थेतही वेगळ्या तंत्राने दाखवले गेले आहे. कारणही समजलेले आहे. खोबरेलातले लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचे असते, ते केसाच्या कवचातून आत जाते. धुताना केस पाणी पिऊन फुगतो आणि त्याच्या कवचावरचे खवले उचलले जातात. आत आधीच तेल असेल तर केस कमी फुगतो आणि कमी झिजतो.

यातून घरच्या वापरासाठी एक स्पष्ट गोष्ट निघते. तेल केस धुण्याआधी लावावे, आणि ते मुळांपेक्षा केसाच्या लांबीला, विशेषतः टोकांना लावावे, कारण लांब वेणीतले टोक चार-पाच वर्षांचे जुने असते. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, त्यावरून कोणालाही हिशोब करता येईल. फाटे फुटणे, मधून तुटणे, कोरडेपणा यांवर घरच्या तेलाचा गुण येतो तो असा. त्यात माका असो वा नसो.

मग हजारो घरांत आजी, मावशी, शेजारीण जे सांगतात ते खोटे का? नाही. ते त्यांनी पाहिलेले असते. फक्त त्याचे श्रेय कोणाला द्यायचे, इथे गफलत होते. समजा एखादी स्त्री ऑगस्टमध्ये बाळंत झाली. गरोदरपणात जे केस गळायचे राहिले होते ते बाळंतपणानंतर एकदम विश्रांतीत जातात, आणि विश्रांती साधारण तीन महिन्यांची असल्यामुळे नोव्हेंबरात मूठ-मूठ गळू लागतात. डिसेंबरात घाबरून ती माक्याचे तेल सुरू करते. फेब्रुवारीत गळणे कमी होते, मार्च-एप्रिलपर्यंत थांबते, कपाळाच्या कडेला बोटभर नवे केस दिसतात. तेलाचा गुण आला, असे तिला वाटणारच. पण तेल न लावलेल्या बहुतेक स्त्रियांचेही याच सुमारास थांबते, आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत केस पूर्ववत होतात. टायफॉइड, डेंग्यू, मोठी शस्त्रक्रिया, उपाशीपोटी केलेले वजन कमी करणे यांनंतरही हेच चक्र चालते : दोन-तीन महिन्यांनी गळती, मग सहाएक महिन्यांत आपोआप सुधारणा. जे नको तेव्हा सुरू होते आणि आपोआप थांबते, त्यावर कोणताही उपाय यशस्वी ठरतो. म्हणून बाळंतिणीला तेल लावू नको असे कोणी सांगू नये. तेलाने डोके शांत वाटते आणि केस तुटत नाहीत. तिने फक्त आपले हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, कारण लोह कमी असेल तर ही गळती लांबते आणि त्यावर तेलाचा इलाज नाही.

पांढऱ्या केसांचे तसेच. डोक्यावर दिसणारा केस निर्जीव असतो. त्याचा रंग मुळाशी, केस तयार होतानाच ठरतो. वर आलेला पांढरा केस कोणत्याही पाल्याने काळा होत नाही. कोवळ्या वयात केस पिकत असतील तर बहुधा घराण्यात तसे असते, पण काहींमध्ये ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता, लोहाची कमतरता किंवा थायरॉइडचा दोष सापडतो. महाराष्ट्रात हे लक्षात ठेवावेच लागते. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी 2006 मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश जणांत ब-12 कमी आढळले. कढीपत्त्यात कितीही गुण असले तरी ब-12 नसते. वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर पांढरे केस दिसले, तर तेलाच्या बाटलीआधी ही एक रक्ततपासणी करावी.

ही तेले बहुतेकांना सोसतात, पण सगळ्यांना नाही. कोंडा असलेल्या डोक्यावर तेल मुरवून ठेवणे हा सर्वात पसरलेला चुकीचा उपाय आहे. कोंड्याला जबाबदार असलेली बुरशी टाळूवरच्या तेलावरच जगते, आणि खोबरेलातली स्निग्धाम्लेही तिला चालतात. तेल लावल्यावर कोंडा ओला होऊन दिसेनासा होतो, म्हणून गेल्यासारखा वाटतो. दोन दिवसांनी तो जास्त होऊन परत येतो, खाज वाढते. अशांनी तेल टाळूला न लावता केवळ लांबीला लावावे आणि कोंड्याचा इलाज औषधी शाम्पूने करावा. ज्यांना केसतोड होतो त्यांनीही टाळूवर जाड तेल रात्रभर ठेवू नये.

दुसरी सावधगिरी माक्याच्या कुळाची. माका हा गाजर गवताच्याच कुळातला आहे. गाजर गवत भारतात पहिल्यांदा नोंदले गेले ते 1955 च्या सुमारास पुण्यात, आणि त्यामुळे होणाऱ्या त्वचारोगाचा त्रास शेतात राबणाऱ्या कितीतरी लोकांनी भोगला आहे. ज्याला गाजर गवताने चेहऱ्यावर, मानेवर, कोपरात खाज आणि जाड चट्टे येतात, त्याला याच कुळातल्या इतर वनस्पतीही त्रास देऊ शकतात. अशा माणसाने माका टाळावा. इतरांनी नवे तेल आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून दोन दिवस पाहावे. लाली, पुरळ किंवा खाज आली तर ते डोक्यावर लावू नये. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर घरी केलेले वनस्पतींचे तेल लावायची गरज नाही, साधे खोबरेल पुरते.

काही खुणा अशा आहेत की तिथे तेलाने वेळ दवडू नये. रुपयाएवढी गुळगुळीत चाई पडली, भांग रुंद होत चालला, कपाळाची रेषा मागे सरकली, टाळूवर पू किंवा व्रण दिसला, किंवा गळती सहा महिन्यांनंतरही थांबली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. विशेषतः आनुवंशिक टकलात औषधाचा उपयोग मूळ पूर्ण आकुंचण्याआधी होतो. सहा महिने तेल लावून पाहू, असे म्हणत तरुण मुले हाच काळ घालवतात.

माक्यावरचा निकाल अजून लागायचा आहे, आणि तो लागण्यासारखा आहे. त्यासाठी महागडी यंत्रे नकोत. एकाच प्रकारच्या केसगळतीची शे-दोनशे माणसे, निम्म्यांना माक्याचे तेल आणि निम्म्यांना त्याच रंगाचे, त्याच वासाचे साधे खोबरेल, कोणाला काय दिले हे लावणाऱ्यालाही आणि मोजणाऱ्यालाही न सांगता, आणि सहा महिन्यांनी डोक्यावर आखलेल्या एका सेंटिमीटरच्या चौकोनात केसांची मोजणी. तुलना साध्या खोबरेलाशीच हवी, कारण बाटलीतला निम्म्याहून अधिक गुण त्याचाच असू शकतो. महाराष्ट्रात आयुर्वेद महाविद्यालये पुष्कळ आहेत, त्यांच्या शेजारी त्वचारोग विभाग असलेली रुग्णालयेही आहेत, आणि माका तर बांधावर फुकट उगवतो. या दोघांनी मिळून हा अभ्यास हाती घ्यावा.